बेसूर नक्की कोण झालं? कोकणातल्या मैफलीचं परीक्षण लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

थंडीचे दिवस सुरू झाले की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत देवळांच्या पटांगणांत, शाळांच्या मैदानांवर आणि थिबा राजवाड्यासारख्या मोकळ्या आवारांत गाण्याचे कार्यक्रम होतात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात किंवा मंडळाच्या समूहात कुणीतरी त्यावर लिहितं. या लिहिणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते: दोष ऐकू येतो, पण तो कुणाचा ते कळत नाही, आणि मग तो सगळा गाणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

गाणं बेसूर वाटलं तर तसं लिहायला काय हरकत आहे?

हरकत लिहिण्याला नाही, आधी न तपासण्याला आहे. आपल्याकडच्या उघड्यावरच्या मैफलीत सूर बिघडण्याची कारणं गळ्याबाहेरही पुष्कळ असतात, आणि त्यांतलं मोठं कारण हवा.

किनाऱ्यावर संध्याकाळनंतर तापमान उतरतं तशी हवेतली ओल वाढते. आठ-साडेआठला खुर्च्यांच्या पत्र्याला हात लावला तर दहिवर जाणवतं. तबल्याची पुडी कातड्याची. ती ओल धरते, सैल पडते आणि तबला उतरतो. तानपुऱ्याच्या तारा धातूच्या. गारव्यात त्या आखडतात आणि चढायला बघतात. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य खाली सरकतंय, दुसरं वर. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, ते जवळजवळ जिथल्या तिथे राहतात. सहा वाजता बंद खोलीत लावून आणलेली ही तिन्ही वाद्यं आठ वाजता मोकळ्या मंचावर एकमेकांशी जुळतीलच असं नाही. आणि गाणाऱ्याला त्यांतल्याच कुणाचा तरी सूर धरून गायचं असतं.

तबलजी मधूनमधून हातोडी उचलतो, गजऱ्यावर ठोकतो, गठ्ठे सरकवतो, ते याचसाठी. त्यानं हातोडी किती वेळा आणि कधी उचलली याची नोंद वहीत ठेवा. परीक्षण लिहिताना ती फार उपयोगी पडते.

मग दोष गळ्याचा की वाद्याचा, हे श्रोत्यानं ओळखायचं कसं?

त्यासाठी मोठा अभ्यास लागत नाही, कान एका जागी लावून ठेवावा लागतो. ती जागा म्हणजे समेवरचा षड्ज. गाणारा षड्जावर समेला येतो तेव्हा गळा, तानपुरा, पेटी आणि तबल्याची थाप एकाच क्षणी एकत्र ऐकू येतात. गळा, तानपुरा आणि पेटी एकमेकांत मिसळले आणि थाप तेवढी खाली राहिली, तर तबला उतरलाय. सगळी वाद्यं एकमेकांशी जुळली आणि गळा खाली, तर दोष गळ्याचा. गळा पेटीशी जुळतोय पण तानपुऱ्याशी घासतोय, असं झालं तर तानपुरा सुटलाय आणि गाणारा पेटीचा आधार घेऊन निभावतोय. यात त्याचं कसब आहे, आणि ते लिहिण्यासारखं आहे.

दुसरी खूण लांब ठेवलेल्या सुराची. ज्याचा सूरच कच्चा आहे त्याचा तार सप्तकातला लांब स्वर धरताक्षणी किंवा धरल्यावर लगेच खाली यायला लागतो, आणि तसं पुन्हा पुन्हा होतं. ज्याला स्वतःचा तानपुरा ऐकू येत नाहीये त्याचं वेगळं होतं: भरगच्च साथीत तो भरकटतो, साथ शांत झाली की क्षणात जागेवर येतो. त्याची नजर आणि हातही बघा. मंचावरच्या स्पीकरकडे, म्हणजे मॉनिटरकडे, बोट दाखवून तो आवाज वाढवायला सांगत असेल, कानावर हात ठेवत असेल, तर त्याला स्वतःचं गाणं ऐकू येत नाहीये.

तिसरी गोष्ट पेटीची. पेटीचे बारा सूर ठरलेल्या जागी बसवलेले असतात. दरबारीसारख्या रागातला आंदोलित कोमल गंधार पेटीच्या पट्टीवर मिळत नाही. गाणारा तो त्याच्या जागी लावतो आणि पेटी शेजारी उभी राहते. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, तिच्या कारणांत पेटीला मींड आणि श्रुती साधत नाहीत हा आक्षेपही होता. तेव्हा एखाद्याच स्वरावर गळा आणि पेटी वेगळे पडत असतील आणि बाकी सगळीकडे जुळत असतील, तर गळ्याला दोष देऊ नका. तो स्वर बहुधा मुद्दाम तिथे ठेवलेला असतो.

ताना अस्पष्ट वाटल्या. तयारी कमी असं म्हणावं का?

आधी पेटी ऐका. पेटीवर वाजलेली जलद जागाही एकमेकांत कालवल्यासारखी ऐकू येत असेल, तर ध्वनिव्यवस्थेनं एको लावून ठेवलाय. आपल्याकडे तोच साउंडवाला काल भजनाला होता, परवा लग्नात होता. भजनाला लावलेला एको ख्यालाच्या मैफलीतही तसाच राहतो. विलंबितात तो छान भरदार वाटतो आणि द्रुतात तानेचा दाणा पुसून टाकतो. पेटी स्वच्छ आणि तान धूसर असेल, तर मात्र तयारीबद्दल लिहायला तुम्ही मोकळे आहात.

मध्यंतरात उठून जागा बदला. डाव्या स्पीकरसमोर बसलेल्याला डग्गाच डग्गा ऐकू येतो आणि मागच्या रांगेतल्याला शब्द कळत नाहीत. दोघांनी लिहिलेली परीक्षणं दोन वेगळ्या मैफलींची वाटतात. जेनरेटर किती लांब होता हेही बघून ठेवा.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, जानेवारीतली रात्र आहे. देवगड-मालवण भागातल्या एका देवळाचं पटांगण. गायिकेची पट्टी काळी चार. साथीला दोन तानपुरे, पेटी, तबला. सुरुवात साडेसातला, बागेश्रीनं. विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल. त्यानंतर एक नाट्यपद, एक अभंग, शेवटी भैरवी. बाहेर पडताना माणसं म्हणतायत, "बाईंचो आज सूर लागाक नाय."

तुमच्या वहीत काय आहे? साडेसात ते आठ: आलाप मंद्रातून वर सरकतोय, मध्यमावर गायिका दीर्घ थांबते, तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली असल्यानं तो मध्यम भरून येतो. आठ वाजून दहा मिनिटं: तबलजीनं पहिल्यांदा हातोडी घेतली. सव्वाआठ: पुन्हा. आठ वीस: तार षड्ज टोचला. आठ पंचवीस: समेवर थाप तानपुऱ्याच्या खाली, गळा पेटीत मिसळलेला. साडेआठ: द्रुत सुरू, ताना स्वच्छ, पण उतरताना प्रत्येक तान एकाच वळणानं मध्यम-गंधार-ऋषभ-षड्ज अशी खाली येते. बंदिशीच्या अंतऱ्याचे शब्द एकदाही नीट कळले नाहीत. आठ चाळीस: तबला नीट लागला, आणि पुढे भैरवीपर्यंत तार षड्ज कुठेही टोचला नाही.

आता या नोंदी एका ओळीत ठेवून बघा. टोचलेला तार षड्ज आणि उतरलेला तबला एकाच वेळेचे आहेत. तबला लागल्यावर गळाही टोचायचा थांबला. म्हणजे "सूर लागला नाही" हे वाक्य टिकत नाही. पण म्हणून गाणं निर्दोषही नाही. तानांचं एकसुरी वळण आणि गिळलेले शब्द यांना हवा कारण नाही, साउंडवालाही नाही. तो गायिकेचा दोष आहे आणि तो लिहायलाच हवा.

त्यामुळे परीक्षणातला मजकूर साधारण असा होईल:

"विलंबितात गायिकेनं मध्यमाला दिलेला वेळ हे या बागेश्रीचं बलस्थान. धैवताकडे जाण्याची घाई कुठेच नव्हती. सव्वाआठच्या सुमारास दमट हवेनं तबला उतरला आणि काही आवर्तनं समेवर खटका जाणवत राहिला. तबलजींनी तो लावून घेतल्यावर मैफल पुन्हा जमली. द्रुतातल्या ताना स्वच्छ होत्या, मात्र जवळपास प्रत्येक तान एकाच मार्गानं षड्जावर उतरत असल्यानं तिसऱ्या-चौथ्या तानेनंतर पुढची आधीच कळू लागली. अंतऱ्याचे शब्द शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाहीत."

यात कौतुक आहे, टीका आहे, आणि दोन्हींना जागा आहे. ज्यानं मैफल ऐकली तो हे पडताळून बघू शकतो आणि गायिकेला उद्या रियाजात काय बघायचं तेही कळतं. "सूर लागला नाही, पण एकूण कार्यक्रम रंगला" या वाक्यातून यांतलं काहीच मिळालं नसतं.

रागात न बसणारा स्वर ऐकू आला. ते थेट चूक म्हणून लिहावं का?

बागेश्रीचंच घ्या. कुणी पंचम अवरोहात जपून वापरतं, कुणी अजिबात लावत नाही, आणि दोन्ही रीतींनी गाणारे मातब्बर आहेत. पंचम न ऐकलेल्यानं तो ऐकला तर चूक वाटते, ऐकलेल्यानं तो ऐकला नाही तर अपुरं वाटतं. भूप आणि देशकाराचे तर स्वर तेच पाच, फरक वागणुकीत. देशकारात धैवत पुढे येतो आणि गाण्याचा ओढा वरच्या अंगाला राहतो. स्वर मोजून यांत काहीच ठरत नाही.

तेव्हा निकष असा ठेवावा: तो स्वर गाणाऱ्यानं पुन्हा, त्याच वाटेनं, ठामपणे लावला का? तसं असेल तर ती त्याची रीत आहे. घराणं शोधा, त्या घराण्यातल्या जुन्या मंडळींचं त्याच रागातलं ध्वनिमुद्रण ऐका, मग लिहा. एकदाच, घाईत, तानेच्या टोकाला निसटता लागला आणि पुन्हा आला नाही, तर ती चूक. अशी एखादी चूक दोन तासांच्या गाण्यात कुणाचीही होते, तिच्यासाठी परीक्षणात जागा खर्च करू नये असं माझं मत आहे. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना एक भान ठेवा: ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तिथे ऐकलेल्या आटोपशीरपणाची अपेक्षा आजच्या पाऊण तासाच्या ख्यालाकडून करणं गैर आहे.

लय वाढत गेली. हा तबलजीचा दोष ना?

आपल्या गायकीत लय वाढवत नेतात, तेव्हा वाढणं हा दोष नव्हे. कुणी वाढवली हे बघा. बारा मात्रांचं विलंबित एकतालाचं एक आवर्तन सुरुवातीला पाऊण ते एक मिनिटाचं असू शकतं. घड्याळावर पहिलं आवर्तन मोजा, वीस मिनिटांनी पुन्हा एक मोजा. कमी झालं असेल आणि गाणारा त्यात निवांत असेल, तर ती त्याचीच इच्छा. गाणारा मुखड्याला धावत येत असेल, हातानं लय खाली दाबायची खूण करत असेल, तर साथ पुढे पळतेय.

मध्यरात्रीचे राग हल्ली मैफलीत मिळत नाहीत, कार्यक्रम तोकडे होतात. त्यावर टीका करावी का?

कलाकारावर नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सांस्कृतिक वा धार्मिक कार्यक्रमांना बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस त्यांत असायला हवा. साडेसातची मैफल सत्कार आणि भाषणांमुळे सव्वाआठला सुरू झाली, तर गाणाऱ्याच्या वाट्याला पावणेदोन तास येतात. मग विलंबित आवरतं घेतलं जातं आणि परीक्षणात "राग खुलला नाही" असं छापून येतं. मला हे अन्यायाचं वाटतं. पहिला सूर किती वाजता लागला ते लिहा आणि उशीर आयोजकांच्या नावावर टाका.

तुम्ही स्वतः शेवटची एसटी पकडायला भैरवीआधी उठला असाल, तर तेही लिहा. न ऐकलेल्या भैरवीबद्दल ऐकीव लिहू नये.

गाणारा गावातलाच आहे, रोज बाजारात भेटतो. परखड कसं लिहायचं?

नात्यातला, तुमच्या गुरूकडचा किंवा तुमच्या मंडळातला असेल तर परीक्षण दुसऱ्याला द्या; दुसरं कुणीच नसेल तर ओळख पहिल्या परिच्छेदात सांगा. नुसती तोंडओळख असेल तर लिहा. मुद्दा गाण्याच्या जागेबद्दल ठेवला, की बाजारात भेटल्यावरही तो बोलता येतो. "अंतऱ्याला श्वास कमी पडत होता" हे तोंडावर सांगता येतं. "यांचा वकूब नाही" हे सांगता येत नाही, म्हणून छापूही नये.

नवशिक्याला मोजताना माप बदलू नका, अपेक्षा बदला. सूर आणि ताल सगळ्यांना सारखेच. पण पहिल्यांदा मंचावर बसलेल्या मुलाकडून रागविस्तारात स्वतःचा विचार मागू नये. गुरूनं दिलेलं त्यानं किती प्रामाणिकपणे आणि न डगमगता मांडलं ते बघावं. आणि तिकीट लावलेल्या नामवंताला "थकवा असावा" म्हणून सोडून देऊ नये. घाट उतरून आलेला असला तरी श्रोत्यांनी पैसे मोजलेले असतात.

डबलबारी भजनाला हेच निकष लावायचे का?

नाही. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर असतात, आणि समोरच्याच्या बारीला दिलेलं उत्तर हा तिथला प्राण. रूपावली, अभंग, गवळण, गजर या क्रमात कोण कुठे चढला, पखवाज आणि झांजेनं गजर किती उचलला, उत्तर मुद्द्याला धरून होतं की नुसती टोलेबाजी होती, हे बघायचं. तिथे बुवाचा आवाज फाटणं हा अनेकदा जोराचा भाग असतो. ख्यालाच्या कानांनी ते बेसूर ठरवलं तर भजनाच्या माणसांना तुमचं परीक्षण निरुपयोगी वाटेल, आणि ते बरोबरच असेल. उलट, नाट्यपदांच्या फर्माइशी किती पुऱ्या झाल्या यावर ख्यालगायकाला मोजणंही तितकंच चुकीचं. किनारपट्टीवर नाट्यसंगीताचं प्रेम मोठं आहे, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं.

कौतुक लिहिताना "अप्रतिम", "स्वर्गीय" शिवाय शब्दच सुचत नाहीत.

कारण नोंद नसते. टीकेला आपण पुरावा मागतो, कौतुकाला मागत नाही, आणि त्यातच कलाकाराचं नुकसान होतं. "अप्रतिम गायल्या" वाचून गायिकेला काहीही कळत नाही. "तार षड्जावर जाण्याआधी निषादावर दोन आवर्तनं थांबून तिनं सगळ्या पटांगणाला वाट बघायला लावली" हे वाचून तिला कळतं की तिचं ते थांबणं पोचलं.

साथीदारांना विसरू नका. "समर्पक साथ" या दोन शब्दांत पेटीवाला आणि तबलजी वर्षानुवर्षं गुंडाळले जातात. वरच्या उदाहरणातल्या तबलजीनं दमट हवेत, ठेका न मोडता, दोन आवर्तनांच्या मधल्या जागेत तबला लावून घेतला. हे काम मोठं आहे. तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीनं तार सुटल्याचं ओळखून हळूच खुंटी पिळली असेल, तर तेही एका वाक्यात येऊ द्या.

अल्बमचं परीक्षण सोपं असतं ना? पुन्हा पुन्हा ऐकता येतं.

पुन्हा ऐकता येतं, पण कुणाचं श्रेय ते कळणं जास्त कठीण होतं. स्टुडिओत सूर नंतर दुरुस्त करता येतो, तान तुकड्यांनी जोडता येते. तेव्हा अल्बममध्ये "सूर अचूक" हे कौतुकाचं पहिलं वाक्य असू नये. शब्दोच्चार, श्वास कुठे घेतला, बंदिशीची निवड, वाद्यमेळ गाण्याला दाबतो का, हे बघा. श्वासच ऐकू येत नसेल तर तो बहुधा कापलेला आहे. एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या स्पीकरवर ऐका, मगच ध्वनीबद्दल मत द्या.

परीक्षण छापून आल्यावर कलाकाराचा रागानं फोन आला तर?

पूर्ण ऐकून घ्या आणि एकच गोष्ट वेगळी काढा: तो तथ्याबद्दल बोलतोय की मताबद्दल? राग चुकीचा लिहिला, साथीदाराचं नाव चुकलं, किंवा मंचावरचा मॉनिटर बंद होता हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तर ती दुरुस्ती पुढच्या अंकात, त्याच जागी, स्पष्ट छापा. "ताना एकसुरी होत्या" हे मत असेल तर ते राहू द्या. वहीतली वेळ आणि जागा त्याला सांगा. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मंडळाकडे बहुतेक वेळा असतं. तो भाग दोघांनी मिळून ऐकावा असं सुचवा, आणि ऐकल्यावर मत बदललं तर तेही छापा.